एकास किती?

कॉफीच्या पाकिटावर, ड्रिपरच्या खोक्यावर, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेच्या फळ्यावर, सगळीकडे हल्ली कॉफीच्या पुडीला पाणी किती याचं वजनी प्रमाण लिहिलेलं असतं. कागद लावून वरून पाणी ओतायच्या ड्रिपरला एकास सोळा, फ्रेंच प्रेसला एकास चौदा, स्टीलच्या फिल्टरला एकास पाच, एस्प्रेसोला एकास दोन. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की वाटतं, प्रत्येकाने आपापल्या मनाने ठोकून दिलेत. तसं नाही. थोडा हिशोब केला की हे चारही आकडे जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघताना दिसतात. तो हिशोब एकदा कळला, की नव्या भांड्यासाठी सुरुवातीचं प्रमाण कुणाला विचारावं लागत नाही.

सुरुवात आपल्याकडच्या फेटलेल्या इन्स्टंट कॉफीपासूनच करू. कपात साधारण दोन ग्रॅम पूड आणि दीडशे मिली दूध-पाणी. ही पूड सगळीच्या सगळी विरघळते, मागे काही उरत नाही. म्हणजे १५० मिलीमध्ये २ ग्रॅम कॉफी, सुमारे १.३ टक्के. कॉफीचा कडकपणा म्हणतात तो हाच, कपातल्या द्रवात विरघळलेली कॉफी शेकडा किती. काळी कॉफी पिणाऱ्या बहुतेकांना १.२ ते १.५ टक्क्यांच्या मधली बरी लागते. त्याखाली पाणचट, त्यावर जड.

आता खऱ्या कॉफीची पूड घ्या. तिचा मोठा भाग लाकडासारखा तंतुमय असतो. तो पाण्यात विरघळत नाही, चोथा म्हणून मागे राहतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी यावर काम केलं. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की चव बरी लागते, हा तेव्हाचा पट्टा आजही वापरात आहे. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट, कच्ची लागते. जास्त उतरला तर कडवट आणि जीभ कोरडी करणारी. हिशोबासाठी आपण मधला आकडा घेऊ, २० टक्के. १५ ग्रॅम पुडीतून ३ ग्रॅम कॉफी कपात येणार. हे गृहीत आहे, वचन नाही. दळण जाड असेल, पाणी कोमट असेल तर यातलं काही खरं ठरत नाही. पण सुरुवात करायला एक पाय टेकायला जागा लागते, ती ही.

राहिला प्रश्न पाण्याचा, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण ओतलेलं सगळं पाणी कपात येत नाही. कोरडी पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. खात्री करायची असेल तर सोपं आहे. कोरड्या ड्रिपरमध्ये ओला कागद लावून वजन घ्या, १५ ग्रॅम पूड घाला, कॉफी करा, ठिबकणं थांबल्यावर पुन्हा वजन घ्या. पूड आता ४५ ग्रॅमच्या आसपास भरेल. वरचे तीस ग्रॅम म्हणजे चोथ्याने प्यायलेलं पाणी. ओतलं २४० ग्रॅम, कपात आलं २१०. त्या २१० मध्ये ३ ग्रॅम कॉफी, म्हणजे १.४३ टक्के. ड्रिपरचा एकास सोळा हा असा आपल्या पट्ट्यात येऊन बसतो.

तेच १५ ग्रॅम आणि तेच २४० ग्रॅम फ्रेंच प्रेसमध्ये घातले तर? चोथा इथेही तीस ग्रॅम धरतो, पण तो काय धरतो ते वेगळं आहे. ड्रिपरमध्ये वरून ताजं पाणी येत राहतं आणि आधी उतरलेली कॉफी खाली ढकलून देतं. शेवटी चोथ्यात अडकतं ते जवळजवळ निव्वळ पाणी. ड्रिपरचे शेवटचे थेंब वेगळ्या वाटीत धरून चाखा, फिक्या चहासारखे लागतील. प्रेसमध्ये मात्र पूड आणि पाणी चार मिनिटं एकत्रच बसतात. तिथे चोथ्यात अडकलेला द्रव कपातल्याइतकाच कडक असतो. तीन ग्रॅम कॉफी उतरली खरी, पण ती सगळ्या २४० ग्रॅममध्ये पसरली. कडकपणा १.२५ टक्के. कपात तुम्ही १८० ओता की २१०, तो बदलत नाही.

म्हणून प्रेसला ड्रिपरइतकी कडक कॉफी हवी असेल तर पाणी दुपटीने नाही, फक्त पुडीच्या दुप्पट वजनाइतकं कमी करायचं. १५ ग्रॅमला २४० ऐवजी २१० ग्रॅम. तीन ग्रॅम भागिले २१०, पुन्हा १.४३. एकास सोळा आणि एकास चौदा हे दोन वेगळे पंथ नाहीत. पाणी पुडीतून वाहून जातं की पुडीसोबत बसून राहतं, एवढाच त्यांच्यातला फरक.

लक्षात ठेवायचं सूत्र दोन ओळींचं. भिजवायच्या पद्धतीत वीसला हव्या त्या कडकपणाने भागा. ठिबकवायच्या पद्धतीत तेच करून वर दोन मिळवा. १.३ टक्क्यांची जरा हलकी कॉफी हवी? २० भागिले १.३ म्हणजे सुमारे १५.४. प्रेसला एकास साडेपंधरा, ड्रिपरला एकास साडेसतरा. एअरोप्रेस दोन्हींच्या मधे पडतो. पाणी आधी भिजत बसतं, मग दाबून काढलं जातं आणि चोथा बराच कोरडा निघतो. त्याला चौदा ते पंधरा धरून चालायला हरकत नाही.

व्यवहारात प्रश्न उलटा असतो. आपल्याला पाणी ठाऊक नसतं, मगाचं माप ठाऊक असतं. समजा मगात २५० मिली हवी. ड्रिपरच्या एकास सोळातले दोन भाग चोथ्याला जाणार, कपात चौदा. २५० भागिले १४, म्हणजे १८ ग्रॅम पूड आणि २८८ ग्रॅम पाणी. प्रेसच्या एकास चौदातले कपात येतात बारा. २५० भागिले १२, म्हणजे २१ ग्रॅम पूड आणि २९४ ग्रॅम पाणी. त्याच मगाला, त्याच कडकपणाला प्रेस तीन ग्रॅम पूड जास्त खातो. पाव किलोच्या पाकिटात ड्रिपरचे चौदा मग होतात, प्रेसचे बारा. स्पेशालिटी कॉफीचे आजचे भाव बघता हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

वजन काट्यावरच करा. चमच्याने काम भागत नाही, कारण काळपट भाजलेली बी फुगून हलकी होते आणि फिकट भाजलेली जड राहते. तोच भरलेला चमचा एका पाकिटातून पाच ग्रॅम देतो, दुसऱ्यातून सहा. १५ ग्रॅमच्या जागी १४ पडले तर २४० ग्रॅम पाण्याला प्रमाण एकास सतरा होतं, १६ पडले तर एकास पंधरा. म्हणजे एका ग्रॅमचाच काटा असेल तर पुडीपुरता तो कुचकामी. दागिने तोलायचा ०.१ ग्रॅमचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुडीला वापरावा. तो बहुधा २०० ग्रॅमच्या वर घेत नाही, म्हणून पाण्याला स्वयंपाकघरातला साधा काटा. पाणी मापट्याने मोजणार असाल तर थंड असताना मोजा. उकळतं पाणी फुगलेलं असतं, २५० च्या खुणेपर्यंत भरलं तरी वजनाला २४० ग्रॅमच भरतं.

एस्प्रेसोचा एकास दोन वेगळाच वाटतो, कारण तिथे दुसरा आकडा ओतलेल्या पाण्याचा नसून कपात आलेल्या कॉफीचा असतो. मशिनमधून पुडीत पाणी किती शिरलं ते सहसा दिसत नाही, म्हणून खाली काटा ठेवून कप तोलतात. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, पंचवीस-तीस सेकंद. वीस टक्क्यांनी ३.६ ग्रॅम उतरली, ३६ मध्ये ती १० टक्के. सूत्र तेच, फक्त वरचे दोन मिळवायचे नाहीत, कारण मोजमाप चोथ्याच्या पलीकडे केलेलं आहे. कुणी प्रमाण सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: ओतलेलं की आलेलं?

खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणाऱ्या मोका पॉटला प्रमाण ठरवायची मुभाच नाही. खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालपर्यंत पाणी, वरची चाळणी काठोकाठ पूड, दाबायची नाही. तीन कपांच्या पॉटमध्ये हे अंदाजे १५ ग्रॅमला १५० मिली बसतं. वर येते शंभर-एकशेवीस मिली, ड्रिपच्या जवळपास दुप्पट कडक. ती हलकी हवी म्हणून चाळणीत अर्धीच पूड भरणं ही नेहमीची चूक. अर्धवट भरलेल्या पुडीत पाणी एका बाजूने वाट काढतं, तिथली पूड जळजळीत कडू होते आणि बाकीची कोरी राहते. पॉट पूर्ण भरा आणि कपात गरम पाणी घाला.

खरा रंजक हिशोब स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरचा आहे, आणि नाशिकमध्ये तोच सगळ्यात सहज मिळतो. भांडी बाजारात चार मापांचे फिल्टर ओळीने मांडलेले असतात. इथे हिशोब पेल्यापासून मागे जायचा. समजा १५० मिलीचा पेला, त्यात १०० मिली दूध आणि ५० मिली डिकॉक्शन. दूध कॉफीची चव दाबतं, म्हणून कडकपणा काळ्या कॉफीपेक्षा जरा वर ठेवू, १.७ टक्के. १५० चे १.७ टक्के म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित जास्त. दुधातून कॉफी येत नाही, त्यामुळे ती सगळी त्या ५० मिली डिकॉक्शनमध्येच हवी. म्हणजे डिकॉक्शन सुमारे ५.१ टक्के कडक पाहिजे.

वीसला ५.१ ने भागलं तर जवळजवळ चार, अधिक चोथ्याचे दोन, एकास सहा. पण इथे वीस टक्क्यांचं गृहीत शुद्ध कॉफीला लागू पडत नाही. पाणी इतकं थोडं आणि पुडीचा थर इतका जाड, की कॉफी पूर्ण उतरायला ताजं पाणीच पुरत नाही. साध्या मध्यम दळणाला पंधरा-सोळा टक्के धरलेले बरे. पंधरा भागिले ५.१ म्हणजे तीन, अधिक दोन, एकास पाच. दोन पेल्यांना १०० मिली डिकॉक्शन हवं, पुडीच्या प्रत्येक ग्रॅममागे हाती येणार तीन मिली, म्हणून ३३ ग्रॅम पूड आणि १६५ मिली पाणी. चिकोरी मिसळलेली पूड असेल तर गणित सैल होतं. भाजलेल्या चिकोरीचा विरघळणारा भाग कॉफीपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून तिथे एकास सहापासून सुरुवात करा. त्याच दोन पेल्यांना २५ ग्रॅम पूड आणि १५० मिली पाणी पुरतं. शुद्ध कॉफीच्या मापाने चिकोरीची पूड घातली की डिकॉक्शन काळंकुट्ट आणि जाड होतं, आणि मग दोष फिल्टरला दिला जातो.

फिल्टरमध्ये प्रमाण बरोबर असूनही बिघडतं ते थरामुळे. चकती पुडीवर अलगद टेकवायची. जोराने दाबली तर ठिबकणं थांबतं, वर पाणी तसंच उभं राहतं. पूड सैलच सोडली तर पाचेक मिनिटांत सगळं खाली उतरतं आणि डिकॉक्शन तांबूस, पातळ येतं. पंधरा-वीस मिनिटं लागली तर चाल योग्य आहे. मोठ्या फिल्टरमध्ये एका पेल्यापुरती पूड घातली तर थर बोटाच्या पेराइतकाही होत नाही आणि पाणी न थांबता निसटतं. एका पेल्यासाठी छोटाच फिल्टर घ्यावा. काही घरी त्याच पुडीवर दुसरं पाणी घालतात. चोथा आधीच भिजलेला असल्याने ते सगळं खाली येतं, पण कॉफी त्यात थोडीच असते. ते पहिल्या डिकॉक्शनमध्ये मिसळलं तर दुधाचं माप कमी करायला हवं, नाहीतर पेला सपक होणार.

आता हे सगळं सुरुवातीचं प्रमाण झालं. पुढे जिभेवर. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कॉफी जड आहे की फिकी, हा कडकपणाचा प्रश्न आणि त्याला उत्तर प्रमाण बदलून मिळतं. कॉफी आंबट आहे की कडवट, हा उतरण्याचा प्रश्न आणि त्याला आधी दळण बदलावं. कडू लागली म्हणून पूड कमी करणं हा सर्रास चालणारा उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो. तेवढंच पाणी कमी पुडीतून जातं, प्रत्येक कणातून जास्त उतरतं, आणि कॉफी फिकी असूनही कडू राहते.

कोणता दोष आहे हे ओळखायला एक साधी परीक्षा आहे. तयार कॉफीतली ५० मिली वेगळ्या कपात घ्या, त्यात ७-८ मिली गरम पाणी घाला आणि चाखा. चव उघडली, गोडवा कळू लागला तर कडकपणाच जास्त होता, पुढच्या वेळी एकास सोळाऐवजी एकास अठरा करून बघा. पातळ केल्यावरही कडवटपणा तसाच राहिला तर प्रमाणाला हात लावू नका, दळण एक पायरी जाड करा. पातळ केल्यावर आंबटपणा अधिकच टोचू लागला तर दळण बारीक करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पूड १५ वरून २० ग्रॅमवर नेली तर ड्रिपरमधला थर वाढतो, पाणी हळू उतरतं आणि प्रमाण तेच ठेवूनही चव बदलते. तिथे दळण जरा जाड करावं लागतं.

नाशिकपुरत्या दोन गोष्टी. शहर समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे पाणी इथे ९८ अंशांना उकळतं. म्हणजे ‘उकळी आल्यावर थोडं थांबा’ हा सल्ला इथे फारसा पाळायची गरज नाही, फिकट भाजलेल्या बीला तर अजिबातच नाही. जानेवारीतल्या सकाळी ड्रिपर आणि प्रेस आधी उकळत्या पाण्याने गरम करून घ्या. गार काच पाण्याची बरीच ऊब खाते, कॉफी कमी उतरते, आणि आपण पूड वाढवत बसतो. दुसरं पाण्याचं. बोअरचं जड पाणी आंबटपणा मारून चव बोथट करतं. आरओचं यंत्र क्षार जवळजवळ सगळे काढून टाकतं, त्या पाण्याने कॉफी पोकळ आणि टोकदार आंबट लागते. प्रमाण बदलण्याआधी एकदा नळाचं गाळलेलं पाणी वापरून तीच कॉफी करून बघा.

जिभेवर भरवसा नसेल तर जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराकडे एक उपकरण हमखास सापडतं. द्राक्षं उतरवण्याआधी साखर बघायचा हातातला ब्रिक्स मीटर, म्हणजेच रिफ्रॅक्टोमीटर. त्याचा आकडा साखरेसाठी आखलेला असतो, पण तो ०.८५ ने गुणला की कॉफीच्या कडकपणाचा चांगला अंदाज येतो. ड्रिप कॉफीला मात्र तो फारसा उपयोगी नाही. दुर्बिणीसारख्या साध्या मीटरवर एकेक रेघ ०.२ ची असते आणि ड्रिप कॉफी दीड-पावणेदोनच्या आसपासच दिसते. एक रेघ चुकली की एकास सोळा आणि एकास अठरा यांतला फरकच मिटतो. डिकॉक्शनला आणि एस्प्रेसोला तो छान चालतो, कारण तिथे आकडा मोठा असतो. नमुन्यात दूध-साखर नको, तो कागदातून गाळलेला आणि पूर्ण गार झालेला हवा, आणि त्याआधी साध्या पाण्याने शून्य लावून घ्यायचं. चिकोरीच्या पुडीला ०.८५ लागू धरू नका. तिथे कालच्या आकड्याशी आजचा ताडून बघण्यापुरताच त्याचा उपयोग.

वरच्याच फिल्टरवर हे करून बघू. ३३ ग्रॅम शुद्ध कॉफी, १०० मिली डिकॉक्शन, मीटर ६ दाखवतो. ०.८५ ने गुणून ५.१ टक्के, म्हणजे ५.१ ग्रॅम कॉफी उतरली. ३३ ने भागलं तर साडेपंधरा टक्के. कडकपणा हवा तेवढा आहे, पण पुडीतून कमी निघतंय. पुढच्या वेळी दळण एक पायरी बारीक केलं आणि मीटर ७ वर गेला, तर कडकपणा जवळपास सहा टक्के झाला आणि उतरण अठरावर पोचली. आता पेल्याला जास्त कडक डिकॉक्शन नको असेल तर पूड कमी करायला वाव आहे. १८ भागिले ५.१ म्हणजे साडेतीन, अधिक दोन, एकास साडेपाच. त्याच दोन पेल्यांना ३३ ऐवजी २९ ग्रॅम पूड, पाणी १६० मिली.